बिलांची वही

घरून फराळ विकणाऱ्या बाईंचा खरा घोळ अर्धवट पैशांत होतो. समजा, बिल क्रमांक १४ आहे २,४०० रुपयांचं आणि ऑर्डर देताना १,००० मिळाले. पुढे ९०० आले की बहुतेकजणी जुना आकडा खोडून १,९०० लिहितात. मग कोणते पैसे कधी आले, रोख की यूपीआयने, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून डाव्या पानावर फक्त बिलं लिहावीत: तारीख, क्रमांक, नाव, रक्कम. उजव्या पानावर जमा. प्रत्येक हप्त्याला वेगळी ओळ आणि शेजारी बिलाचा क्रमांक. खाडाखोड अजिबात नको. १४ नंबरची बाकी आता ५००, आणि ती कशी आली तेही दिसतं.

महिनाअखेरीस मागची बाकी अधिक नवी बिलं, वजा जमा, एवढा हिशेब करावा. १,५०० अधिक १८,६०० वजा १५,७०० म्हणजे ४,४००. बिलवार बाकीची बेरीजही तेवढीच यायला हवी. ती ३,९०० आली, तर कुणाचे तरी ५०० बाकीतून वजा झालेत, पण जमेला लिहायचे राहिलेत. असे पैसे बहुधा दारात हातोहात दिलेले असतात.