भरतीच्या अर्जातला फोटो लिंक्डइनवर का फसतो

माझा भाचा लाखांदूरला राहतो. धानाची कापणी आटोपली आणि त्याने नागपूर-पुण्याकडे अकाउंट्सची नोकरी शोधायला घेतली. लिंक्डइनवर खातं उघडलं आणि मोबाइलमध्ये तयार असलेला पासपोर्ट फोटो चढवला. हाच फोटो त्याने बँकेच्या परीक्षेच्या अर्जाला लावला होता. लिंक्डइनवर मात्र चेहरा धुरकट दिसला. "मोबाइल स्वस्तातला आहे मामा, म्हणून," असं त्याने ठरवूनही टाकलं.

हा समज मी बऱ्याच मुलांकडून ऐकतो आणि तो खोटा आहे. बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस २० ते ५० केबीचा फोटो मागते, साधारण २०० बाय २३० पिक्सेलचा. म्हणून दुकानदार मूळ फोटो आवळून देतो. लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात. अर्जातल्या फोटोचा चौकोन कापला तर २०० बाय २०० उरतात, म्हणजे जेवढे ठिपके हवेत त्यांचा जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे ठिपके कोणतंही ॲप खरे आणू शकत नाही, अंदाजाने भरतं. कागदावरच्या पासपोर्ट फोटोचा पुन्हा मोबाइलने फोटो काढला तर कागदाची चकाकीही त्यात उतरते. फोटो नवाच काढायचा.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो, की चेहऱ्याचा फोटो जवळूनच काढावा लागतो. भाच्याने लगेच सेल्फी घेतली आणि त्यात नाक फुगलेलं दिसलं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं: पाच फुटांवरून दिसणाऱ्या नाकापेक्षा एका फुटावरून ते सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेरा जवळ असला की नाक कानांपेक्षा लेन्सच्या फारच जवळ येतं, एवढंच त्याचं कारण.

म्हणून मी त्याच्या बहिणीला तिच्याच मोबाइलचा मागचा कॅमेरा उघडायला सांगितला आणि तिला पाच फुटांवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला मोबाइल धरून उभं केलं. एवढ्या लांबून चेहरा बारीक येईल, अशी तिला भीती होती. बारा मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोची उंची साधारण ४००० पिक्सेल असते आणि पाच फुटांवरून त्यात सुमारे दोन मीटर उंचीचं दृश्य मावतं. डोक्यापासून खांद्यांपर्यंतचा अर्ध्या मीटरचा चौकोन कापला तरी हजार बाय हजार पिक्सेल हाती राहतात. लिंक्डइन त्या चौकोनाचा गोल करतं, तेव्हा कापताना डोक्यावर थोडी जागा सोडावी, नाहीतर केस छाटले जातात.

उजेडाबद्दलही असाच समज आहे, की जितकं ऊन तितका फोटो चांगला. भर दुपारी अंगणात डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. आम्ही सकाळी त्याला ओसरीत, छपराच्या सावलीत, अंगणाकडे तोंड करून उभं केलं. बाहेरचा मऊ उजेड समोरून सबंध चेहऱ्यावर आला. मागची भिंत हिरवी होती, तिला टेकून उभं राहिलं की रंगाची झाक गालावर येते, म्हणून दोन-तीन पावलं पुढे घेतलं. ब्युटी मोड बंद केला. तो त्वचा गुळगुळीत करताना भुवया आणि दाढीचे केसही पुसतो.

तरी पहिले फोटो पांढुरके आले. असं झालं की आधी लेन्स पाहावी. बोटाचं तेल लागलं की उजेडाभोवती धुकं दिसतं. कडा दुहेरी दिसल्या तर हात हलला आहे. कान स्पष्ट आणि डोळे पुसट असतील तर फोकस चुकला आहे. स्क्रीनवर डोळ्यांवर बोट टेकवून पुन्हा काढावा. आमची लेन्स मळलेली होती. सुती रुमालाने पुसली आणि काम झालं. बहिणीच्या मोबाइलमधून फोटो व्हॉट्सॲपवर घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून घेतला, म्हणजे तो आवळला जात नाही.

कोट? स्टुडिओत चिकटवून मिळणारा कोट मानेच्या कडेवर ओळखू येतो. इस्त्रीचा साधा, गडद शर्ट पुरतो.

शेवटचा गैरसमज सर्वांत चिवट: माझा चांगला फोटो मलाच कळतो. डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात हे तपासलं. लोकांनी आपल्याच फोटोंतून निवडलेल्या फोटोंपेक्षा अनोळखी लोकांनी निवडून दिलेल्या फोटोंनी पाहणाऱ्यांवर चांगली छाप पाडली. आपण आपल्या चेहऱ्यात आठवणी आणि जुन्या खटकणाऱ्या गोष्टीही पाहतो. परक्याला फक्त फोटोतला माणूस दिसतो.

भाच्याला गंभीर चेहऱ्याचा फोटो आवडला होता. आम्ही सहा फोटो नखाएवढे बारीक करून त्याला न ओळखणाऱ्या तिघांना दाखवले. तिघांनीही एकच उचलला. बहीण काहीतरी बोलली आणि तो हसत सुटणार, नेमक्या त्या क्षणाचा. सध्या लिंक्डइनवर तोच आहे.