उत्तर बारा की बावीस?

प्रोग्रॅमिंगच्या पेपरात 'पुढील प्रोग्रॅमचे आउटपुट लिहा' असा दोन-तीन गुणांचा प्रश्न हमखास असतो. कोड चार ओळींचा असतो, गणित पहिलीतल्या बेरजेचं असतं, आणि तरीही तपासणाऱ्याच्या हाती एकाच प्रश्नाची तीन-चार वेगवेगळी उत्तरं येतात. सी भाषेतला हा नमुना पाहा:

```c
int i, s = 0;
for (i = 1; i < 10; i += 3)
    s = s + i;
printf("%d %d", s, i);
```

`i` एकपासून सुरू होतो, दर फेरीला तीनने वाढतो, आणि त्याची किंमत `s`मध्ये मिळवली जाते. शेवटी दोन्ही किमती छापायच्या आहेत. बरोबर उत्तर `12 10`. उत्तरपत्रिकांत मात्र `22 13`, `12 7` आणि `22 10` हीही सापडतात. ही उत्तरं वेंधळेपणाची वाटतात, पण त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे ठरावीक विचार आहे आणि नुसतं उत्तर पाहून तो ओळखता येतो.

आधी मशीन काय करतं ते पाहू. `for`च्या कंसात तीन भाग असतात, पण ते लिहिलेल्या क्रमाने चालत नाहीत. पहिला भाग, `i = 1`, एकदाच चालतो. मग अट तपासली जाते. ती खरी असेल तर लूपची बॉडी, म्हणजे इथे बेरजेची ओळ, चालते. त्यानंतर वाढ होते आणि पुन्हा अट. थोडक्यात, वाढ बॉडीच्या नंतर आणि पुढच्या तपासणीच्या आधी होते. आता आपल्या कोडचा ड्राय रन करू. `i` एक असताना अट खरी, `s` झाला १. `i` चार, अट खरी, `s` झाला ५. `i` सात, अट खरी, `s` झाला १२. पुन्हा वाढ झाली, `i` दहा झाला. दहा हा दहापेक्षा लहान आहे का? नाही. बॉडी चालली नाही, लूप संपलं.

सगळा घोटाळा या शेवटच्या पायरीत आहे. बॉडी तीनदा चालली, पण अट चारदा तपासली गेली. चौथ्या तपासणीत बेरीज झाली नाही म्हणून विद्यार्थी कच्च्या कामात ती ओळ लिहीतच नाही. त्याचा तक्ता सातवर थांबतो, आणि मग `i`ची किंमत विचारली की तो तक्त्यातली शेवटची संख्या उचलून `12 7` लिहितो. अटीत नापास होण्यासाठी `i`ला दहा व्हावंच लागलं, हे त्याच्या कागदावर कुठेच नसतं.

`22 13` लिहिणाऱ्याची चूक निराळी. त्याने `<` हे चिन्ह `<=` असं वाचलं. दहा आत घेतला, बेरीज बावीस झाली, मग `i` तेरा झाला तेव्हा लूप थांबलं. लूप कसं चालतं हे त्याला पक्कं कळलंय, एवढंच की त्याने दुसराच प्रोग्रॅम सोडवला. `22 10` लिहिणाऱ्याने दोन्ही चुका केल्या: दहा आत घेतला आणि शेवटची वाढ विसरला. गंमत म्हणजे त्याचा दुसरा आकडा बरोबर आला आहे, पण चुकीच्या कारणाने. अशा उत्तराला अर्धे गुण द्यावेत का, यावर परीक्षकांचं एकमत होणं कठीण. माझ्या मते देऊ नयेत. कच्चं काम मागून त्याला गुण देणं अधिक न्याय्य.

`<` चं `<=` का होतं? डोळ्यांचा दोष थोडाच असतो. रोजच्या व्यवहारात आपण एक ते दहा म्हणतो तेव्हा दहा धरलेला असतो. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तयार झालेल्या बेसिक भाषेतही `FOR I = 1 TO 10` लिहिलं की दहाची फेरी होते. सीमध्ये 'पासून-पर्यंत' असं काही नाही, तिथे फक्त अट आहे. `i < 10` लिहिलं की शेवटचं टोक बाहेर.

हे टोक बाहेर ठेवण्याच्या बाजूने डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं. सुरुवात आत आणि शेवट बाहेर ठेवला, तर दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच फेऱ्यांची संख्या येते, हा त्यांचा एक मुद्दा. `i = 2`पासून `i < 13`पर्यंत एकेकाने गेलं तर तेरा वजा दोन, अकरा फेऱ्या. दोन्ही टोकं आत घेतली की त्या वजाबाकीत एक मिळवावा लागतो, आणि तोच एक माणूस विसरतो. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात वापरल्या जाणाऱ्या मेसा भाषेत टोकं आत-बाहेर ठेवण्याच्या चारही पद्धती उपलब्ध होत्या, आणि उरलेल्या तीन पद्धतींमुळे सतत चुका होत असल्याचा तिथला अनुभव त्यांनी नोंदवला आहे.

आता वरच्या कोडमध्ये दहाच्या जागी नऊ घाला. `i < 9` असो की `i <= 9`, बेरीज बाराच येते, कारण एक, चार, सात, दहा या मालिकेत नऊ येतच नाही. मालिका बरोब्बर सीमेवर उतरली तरच `<` आणि `<=` यांच्यात फरक पडतो. त्यामुळे चिन्ह नीट न वाचणाऱ्यालाही अनेकदा पूर्ण गुण मिळतात, आणि त्याची सवय तशीच राहते. मुरलेला पेपरसेटर मुद्दाम सीमेवर उतरणारी मालिका निवडतो. खऱ्या प्रोग्रॅममध्येही ही चूक याच कारणाने लपून राहते. एखाद्या मर्यादेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या किमती तपासल्या, पण नेमकी मर्यादा तपासलीच नाही, तर सगळं ठीक दिसतं.

पेपरसेटरांचा आणखी एक आवडता प्रकार आहे:

```c
int i = 1;
while (i++ < 5)
    printf("%d ", i);
```

इथे `1 2 3 4` असं उत्तर लिहिणारे पुष्कळ असतात. खरं आउटपुट `2 3 4 5`. `i++`मध्ये तुलना जुन्या किमतीशी होते आणि बॉडीत शिरेपर्यंत `i` एकने वाढलेला असतो. म्हणून `< 5` लिहूनही पाच छापला जातो. शेवटी पाचची पाचशी तुलना होते, अट खोटी ठरते, पण वाढ तिथेही होतेच. लूपनंतर `i` छापला तर सहा येईल.

यावर उपाय कच्च्या कामाच्या तक्त्यातच आहे. `i`, अट खरी की खोटी, आणि बॉडीनंतरचा `s`, असे तीन रकाने आखावेत आणि अट खोटी ठरलेली ओळ लिहिल्याशिवाय तक्ता संपवू नये. त्या ओळीत `s`चा रकाना रिकामा राहतो, `i`चा राहत नाही.

मात्र हा तक्ता पायथनमध्ये जसाच्या तसा चालत नाही. `for i in range(1, 10, 3)` लिहिलं की फेऱ्या एक, चार, सात याच होतात, दहा इथेही बाहेरच. पण पायथनचं `for` स्वतः `i` वाढवून अट तपासत नाही. `range` एकेक संख्या पुरवतं आणि संख्या संपल्या की लूप थांबतं. `i`मध्ये दहा कधी येतच नाही. लूपनंतर `print(s, i)` केलं की `12 7` छापलं जातं. सीच्या पेपरात चुकीचं ठरलेलं उत्तर पायथनच्या पेपरात पूर्ण गुणांचं आहे.