गिरणीवालीचा खाडा

बुधवार, १६ जुलै. सकाळी सहा वीस. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसमोर मी आणि माझी चौथीतली लेक एका छत्रीत उभ्या होतो. कांजिण्यांनंतरचा शाळेचा पहिला दिवस. सव्वासहापासून उभ्या होतो. सहा पंचवीस झाले, साडेसहा झाले, तरी पिवळी गाडी वळणावर दिसेना. शेवटी फोन केला. काका गाडी चालवताना फोन घेत नाहीत, तो गाडीतल्या मदतनीस मावशींनी घेतला. मागे पोरांचा कलकलाट चालू होता.

"अहो, गिरणीवाली आज आहे का? वहीत तर उद्या आहे."

मी चिडलेच. आठ दिवस झाले होते, मी तसं कळवलं होतं, आणि आमचे पैसे काही थांबले नव्हते. लेकीला स्कूटरवर बसवून शाळेत सोडलं. दोघी निथळत होतो. परत येऊन, मावशींना दाखवावा म्हणून, माझाच मेसेज उघडला. मंगळवारी ८ जुलैला रात्री मी लिहिलं होतं : 'काका, उद्यापासून आठ दिवस येणार नाही.'

बस, एवढंच.

आपल्याकडे आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन. असंच बोलतो आपण, त्यात मोजायचं काही नसतं. माझ्या हिशेबानं ९ जुलैच्या बुधवारपासून आठवडा, म्हणजे १६ च्या बुधवारी हजर. मावशींनी मात्र बोटांवर मोजलं होतं. नऊ, दहा, अकरा असं करत आठवं बोट १६ वर आलं, म्हणजे हजर १७ ला. काकांनी आणखी तिसराच अर्थ काढला होता, हे नंतर कळलं. शनिवार-रविवार शाळा नसते, मग ते खाड्यात कशाला धरायचे? शाळेचे आठ दिवस १८ ला संपतात, म्हणून गिरणीवाली सोमवारी २१ ला. एका ओळीच्या मेसेजमधून तीन तारखा निघाल्या होत्या आणि तिन्ही बरोबर होत्या.

चीड ओसरली आणि कुतूहल उरलं. पुढच्या शुक्रवारी मी काकांना विचारलं, एक फेरी तुमच्याबरोबर येऊ का? त्यांनी आधी तक्रारीचा वास येतोय का ते पाहिलं. मग म्हणाले, "या की. मावशींशेजारी बसा, पण पोरांशी बोलू नका, दंगा करतात."

गाडी तेरा आसनी, मुलं अकरा. धायरी फाट्याकडून निघून, वडगाव करत, सिंहगड रस्त्यानं राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरच्या बाजूला शाळा. पावसाळ्यात आत ओल्या रेनकोटचा वास असतो, आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा. मुलं चढतात, मावशी दप्तर घेतात, दार ओढून घेतात, काका आरशात बघतात, गाडी हलते. दर थांब्यावर हेच.

आधी लक्षात आली ती नावं. अकरा मुलांना काका-मावशींच्या बोलण्यात नावंच नाहीत. चिंचेजवळचा, दत्तमंदिरवाली, मेडिकलचे दोघं, आणि आमची गिरणीवाली. गाडीत एकाच नावाच्या दोन मुली आहेत. मागं एकदा एकीच्या आईनं नुसत्या नावानं सुट्टी कळवली आणि मावशींनी दुसरीचा खाडा मांडला. तेव्हापासून मूल म्हणजे थांबा. थांब्याला जुळी नसतात.

'खाडा' हा शब्दही त्यांचाच. मला तो दूधवाल्यामुळे माहीत होता. आईच्या कालनिर्णयवर अशा दिवसांच्या चौकोनात फुली असायची आणि महिनाअखेरीला तेवढं दूध बिलातून वजा व्हायचं. गाडीचा खाडा वजा होत नाही. हे मला पहिल्यापासून खुपायचं आणि त्या शुक्रवारी मी ते बोलूनही दाखवलं. काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "दूध तुम्ही घेतलं नाही तर मी दुसऱ्याला विकीन. तुमची सीट कुणाला विकू आठ दिवस? हप्ता, विमा, मावशींचा पगार, यांना खाडा नसतो." गॅस तर वाचतो ना, असं मी म्हटल्यावर ते हसले. "गॅस नाही हो. चार मिनिटं वाचतात."

ही चार मिनिटं त्या सकाळी मी अनेकदा ऐकली. आमचा थांबा पहिला. गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे आत शिरायचं, गिरणीपाशी गाडी वळवायची आणि आल्या वाटेनं बाहेर पडायचं. यात चार मिनिटं जातात. आमची लेक नसेल तर काका चार मिनिटं उशिरा निघून थेट चिंचेपाशी जातात. चिंचेजवळच्याची वेळ तीच राहते, त्याच्या घरी काही कळवावं लागत नाही. पण नसल्याचं काकांनाच माहीत नसेल तर ते गल्लीत येतात, हॉर्न देतात, मावशी फोन लावतात, कुणी उचलत नाही. मग चाराची सहा-सात मिनिटं होतात आणि ती थेट राजाराम पुलावर वसूल होतात. "पावणेसातच्या आत पूल ओलांडला तर ओलांडला," काका म्हणाले. "नाहीतर सिग्नलला दोनदा थांबायचं." शाळेचं फाटक सात दहाला बंद होतं आणि उशिराचा शिक्का मुलांच्या डायरीत बसतो, काकांच्या नाही.

आणि नसलेल्या मुलाचा खाडा मांडला, पण ते परत कधी येणार हे चुकीचं लिहिलं, तर? मग गाडी गल्लीत येतच नाही आणि मूल पावसात उभं राहतं. काकांच्या मते निम्मे पालक ही दुसरी तारीख लिहीत नाहीत. कधीपासून नाही ते कळवतात, कारण त्या रात्री ते डोक्यात असतं. परत येण्याच्या वेळी सगळं ठीक झालेलं असतं, मग कळवायचं काय?

दुपारची गोष्ट मावशींनी सांगितली आणि तिथे मी मान खाली घातली. ८ जुलैला लेकीला शाळेतच ताप आला होता. शाळेनं फोन केला, अकरा वाजता तिचे बाबा तिला घेऊन आले. ताप, अंगावरचे फोड, डॉक्टर, या सगळ्यात गाडी कुणाच्या लक्षात राहते? बारा चाळीसला फाटकावर मावशींनी डोकी मोजली तर दहा. सकाळी अकरा उतरवली होती. गाडीत मदतनीस असलीच पाहिजे, असा राज्याचा २०११ पासूनचा नियम आहे, आणि मदतनिसाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ही मोजणी. मावशी वर्गात गेल्या, स्वच्छतागृहात पाहून आल्या, मला दोनदा फोन केला. माझा फोन बॅगेत, आवाज बंद. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी त्यांची वही पाहून सांगितलं तेव्हा सुटल्या. "माझे पाय गार पडले होते," एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्रीच्या माझ्या मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मावशींची खाड्याची वही साधीच आहे, शाळेची दोनशे पानी. डाव्या बाजूला थांबे, वर तारखा, खाड्याला फुली. सकाळी आणि दुपारी असे दोन रकाने, कारण सकाळी बाबांबरोबर जाऊन दुपारी गाडीनं येणारी मुलं असतात. सगळा गोंधळ तिथेच होतो. मेसेज मावशींच्या फोनवर पाठवायचा, रात्री आठच्या आत. काका पहाटे चारला उठतात आणि नऊला झोपतात. पालकांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप ते मोजतच नाहीत. तिथे वाढदिवसाच्या केकखाली सगळं गाडलं जातं.

पोचल्याची खूणही ठरलेली आहे. अंगठा आला तर मेसेज पाहिला, एवढंच समजायचं. मावशींनी तारीख आणि वार परत लिहून पाठवला तरच तो वहीत गेला. मला त्या रात्री अंगठा आला होता.

मी विचारलं, कांजिण्यांसारख्या आजारात नेमकी तारीख आधी सांगायची कशी? डॉक्टरांनी आम्हाला दिवस दिला नव्हता, अट दिली होती. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या आणि नवा फोड आला नाही की शाळा. बहुतेकांना आठवडाभर लागतो, एवढंच ते म्हणाले होते. काकांनी यावर जे सांगितलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. अंदाजाची का होईना, तारीख द्यायचीच. ती पुढे गेली तर मेसेज पुरे. अलीकडे आली तर मात्र फोन करायचा आणि मावशींचं 'हो' ऐकूनच ठेवायचा. पुढे ढकललेलं न कळल्यानं गाडीची चार मिनिटं जातात. अलीकडे आणलेलं न कळल्यानं मूल रस्त्यावर राहतं. आणि आजार काय ते आधीच सांगायचं. एवढ्याशा गाडीत अकरा जणांचे श्वास एकत्र असतात. कांजिण्या पुढच्या मुलाला दोन-तीन आठवड्यांनीही येऊ शकतात, बाकीच्या आयांना लक्ष ठेवायला हवं.

मी घरी येऊन तो मेसेज पुन्हा लिहून पाहिला. तेव्हा हवा होता तो असा : 'मावशी, गिरणीसमोरची, चौथी ब. कांजिण्या आहेत. बुधवार ९ जुलै ते मंगळवार १५ जुलै, सकाळ-दुपार दोन्ही वेळा नाही. बुधवार १६ जुलैला सकाळी ६.२० ला उभी असेल. बदल झाला तर आधल्या दिवशी आठच्या आत फोन करते.' लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'आठ दिवस' हे शब्द त्यात कुठेही नाहीत.

पण मला पुन्हा पुन्हा आठवते ती फेरी संपतानाची गोष्ट. मुलं उतरली, गाडी रिकामी झाली, मावशी सीटवरचं पाणी पुसत होत्या. मी विचारलं, आमची लेक नसताना त्या चार मिनिटांत तुम्ही काय करता? काका म्हणाले, चहा गरम पितो. मावशी जरा थांबून म्हणाल्या, "माझी मुलगी सहावीला आहे. रोज एक वेणी मी घालते आणि गाडी येते. दुसरी तिची आजी घालते, पण तिला दिसत नाही, ती सैल होते. तुमच्या खाड्यात दोन्ही मी घातल्या."

मी मनात मोजलं. बुधवार ते शुक्रवार तीन, सोमवार आणि मंगळवार दोन. पाच दिवस. आणि १६ चा सहावा, ज्या सकाळी आम्ही गिरणीसमोर छत्रीत उभ्या होतो.