शेणाचं घर, मेणाचं घर आणि खाकी पिशवी

कावळ्याने तिसऱ्यांदा दार ठोठावलं. आतून चिमणीने पुन्हा थांबायला सांगितलं, बाळाला काजळ घालायचं राहिलं होतं. कावळा झालेला मुलगा सहा वर्षांचा. तो पाठ केलेला संवाद विसरला आणि पिशवीच्या आतूनच ओरडला, "अगं, मी भिजतोय ना!"

हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. ते गोष्टीतही नाही. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसलेली बाकीची मुलं एकदम गप्प झाली, कारण आपण आजवर ही गोष्ट नेहमी घराच्या आत बसून ऐकली होती, हे त्यांच्या आणि माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दारी येतो आणि ती त्याला ताटकळत ठेवते. गोष्ट जुनी किती, तर तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त ती चक्रधरस्वामींच्या तोंडी येते. तिथे मेणाचं घर चिमणीचं नाही, साळईचं आहे. पुढे काय होतं ते मात्र घरोघरी वेगळं. कुठे कावळा चुलीपाशी बसून भाजतो, कुठे तो अंडी खाऊन पसार होतो. म्हणजे तात्पर्यही घरोघरी वेगळं, आणि मुलांकडून करून घ्यायला हीच गोष्ट निवडण्याचं माझं कारणही तेच.

मुखवटा करायला किराणा दुकानातली खाकी कागदी पिशवी घ्यावी, चौकोनी बुडाची. बूड वर येतं आणि डोक्यावर टोपीसारखं बसतं. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० ते ५२ सेंटिमीटर असतो, तेव्हा पिशवी उघडल्यावर तिचा घेर निदान ६५ तरी हवा. त्याहून घट्ट पिशवी काढताना फाटते आणि मूल घाबरतं. प्लॅस्टिकची पिशवी कोणत्याही कारणाने डोक्यात घालू देऊ नये. दोन्ही बाजूंना खांद्यांसाठी हाताच्या पंजाएवढी अर्धगोल कापणी केली की पिशवी खांद्यावर टेकते, वर उचलली जात नाही.

डोळ्यांची भोकं अंदाजाने कापू नयेत. पिशवी मुलाच्या डोक्यावर घालावी, त्याला डोळे मिटून घ्यायला सांगावं, बाहेरून बोटाने हलकेच चाचपून खडूने खूण करावी. मग पिशवी काढूनच कात्री चालवावी. भोकं चांगली मोठी, तीन-चार सेंटिमीटरची ठेवावीत. पक्ष्याचे रंगवलेले डोळे वेगळे, ते बाजूला, कानांच्या दिशेला काढावेत. पक्ष्यांचे डोळे तिथेच असतात.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. पिशवी पूर्ण हनुवटीखाली ठेवली आणि तोंडाला नुसती फट दिली. मुलं बोलत होती, पण तिसऱ्या रांगेत फक्त गुणगुण पोचत होती. कागदाच्या आड व्यंजनं विरून जातात, स्वर तेवढे उरतात. आता मी पुढची बाजू नाकाच्या खाली कापून टाकते. वर चोच पुढे आलेली आणि तिच्याखाली मुलाचं खरं तोंड उघडं. शब्द स्पष्ट येतात आणि श्वासही मोकळा राहतो.

चोचीसाठी जुनी लग्नपत्रिका उत्तम. बोटभर लांब शंकरपाळ्याचा आकार कापायचा, मधोमध घडी घालायची, मागची कड दुमडून चिकटवायची. कावळ्याची चोच लांब आणि जाड, चिमणीची आखूड आणि टोकदार. रंगाच्या बाबतीत पिशवी स्वतःच अर्धं काम करते. चिमणी मादी असते ती खाकीच, फक्त डोळ्यामागे एक फिकट पट्टा. गळ्याखाली काळा डाग असतो तो नराला. कावळाही आपण समजतो तसा सगळा काळा नाही. आपल्या खिडकीशी येणाऱ्या कावळ्याची मान राखाडी असते. त्या राखाडीसाठी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या की झालं. डोक्याला काळा रंग द्यायचा तो घट्ट आणि पातळ थरात. पाणी जास्त झालं की कागद फुगतो आणि वाळल्यावर सुरकुततो. म्हणून मुखवटे शनिवारी करावेत आणि नाटक रविवारी. एकाच दिवशी दोन्ही केलं तर काळा रंग चिमणीच्या बाळाला लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. कावळ्याची पिशवी कधीही वर्गातल्या सावळ्या मुलाच्या हातात आपण होऊन देऊ नका. मुलांना त्याचा अर्थ लगेच कळतो आणि तो मुखवटा मग त्याच्या डोक्यावरून वर्षभर उतरत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात.

पिशवीत दिसतं कमी, आणि सुरुवातीला मला हा दोष वाटे. मग एका मुलीला पाहिलं. दाराकडे बघायला तिला अख्खी मान वळवावी लागत होती. थोडी डावीकडे, थांबली, मग तिरकी करून वर. कावळा अगदी असाच बघतो, एका डोळ्याने, मान कलती करून. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पिशवीने शिकवलं होतं. त्यानंतर मी मुलांना चालण्याबद्दल एवढंच सांगते की चिमणी दोन्ही पाय जोडून उड्या मारते आणि कावळा पाऊल टाकत चालतो. बाकी मुलं खिडकीतून बघून आणतात. चार वर्षांखालची काही मुलं मात्र चेहरा झाकला की रडतात. त्यांच्या डोक्यावर पिशवी घालू नये. हातात पाण्याचा तांब्या आणि ताट द्यावं, ती पाऊस वाजवतात.

आता तात्पर्य. ते आपण सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. मी गोष्ट तीनदा करून घेते आणि दर वेळी पिशव्यांची अदलाबदल करते. आत असलेला बाहेर जातो, बाहेरचा आत. प्रत्येक खेळानंतर फक्त कावळ्याला आणि चिमणीला एकच प्रश्न: तिकडे कसं वाटलं? बघणाऱ्यांना विचारत नाही, कारण ते लगेच न्यायाधीश होतात. चिमणी झालेली एक मुलगी म्हणाली, "मला खरंच बाळाची भीती वाटत होती." तिचंही बरोबरच होतं. कावळ्याला आत घेतल्यावर अंडी जातात हे तिने आजीकडून ऐकलेलं होतं.

त्या दिवशी तिसऱ्या खेळात, भिजतोय म्हणून ओरडलेला मुलगा चिमणी झाला. दार म्हणजे आडवी धरलेली ओढणी. बाहेर पाऊस जोरात वाजत होता. कावळ्याने एकदाच ठोठावलं आणि याने ओढणी खाली सोडली.

बघणारी मुलं उसळली. "अजून अंघोळ राहिली! काजळ राहिलं!"

त्याने मान पूर्ण वळवून एका भोकातून त्यांच्याकडे बघितलं. "बाळ नंतर करेल अंघोळ," तो म्हणाला, आणि कावळ्याला सांगितलं, "तू चुलीपासून लांब बस हं."