छत्तिसाच्या कोपऱ्यात चारच

काशीगावाहून निघालेली बस दहिसर चेकनाक्याला पोहोचेपर्यंत चार बाय चारचं एक केनकेन सहज सुटतं. अट एकच, सुरुवात योग्य घरापासून व्हायला हवी. हे कोडं २००४ मध्ये योकोहामातले गणिताचे शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. पुढे २००८ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापायला सुरुवात केली.

नियम दोन. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १ ते ४ हे आकडे एकेकदाच यावेत. आणि ठळक रेघेने वेढलेल्या घरांतल्या, म्हणजे पिंजऱ्यातल्या, आकड्यांचा गुणाकार किंवा वजाबाकी कोपऱ्यात लिहिलेल्या संख्येइतकी यावी. वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहान आकडा वजा करून करायची, मग मोठा आकडा कोणत्याही घरात असो.

यातला पहिला नियम कोड्यापेक्षा कितीतरी जुना आहे. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. त्यांच्या जोड्यांविषयी ऑयलरने १७८२ मध्ये मांडलेला अंदाज १९५९ मध्ये खोटा ठरला. तो खोटा ठरवणाऱ्या तिघांपैकी एक होते शरदचंद्र श्रीखंडे, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले. दुसरे राज चंद्र बोस आणि तिसरे अर्नेस्ट पार्कर. चार बाय चारचे लॅटिन चौरस ५७६ आहेत. पिंजऱ्यांचं काम त्यांतला एकच शिल्लक ठेवण्याचं.

आता कागदावर सोळा घरं आखावीत. डाव्या वरच्या कोपऱ्याचं घर, त्याच्या उजवीकडचं आणि त्याच्या खालचं मिळून ३६×. डाव्या खालच्या कोपऱ्याचं घर, त्याच्या उजवीकडचं आणि त्याच्या वरचं मिळून २×. दुसऱ्या उभ्या ओळीतली मधली दोन घरं २−. तिसऱ्या उभ्या ओळीतली वरची दोन ३−, चौथीतली वरची दोन २×. उरली उजवीकडची खालची चार घरं. त्यांतली तिसऱ्या आडव्या ओळीतली जोडी ६×, चौथीतली १−.

हात कुठे घालायचा? १− साठी १-२, २-३ आणि ३-४ अशा तीन जोड्या होतात, शिवाय प्रत्येक जोडी उलटसुलट बसू शकते. म्हणजे सहा शक्यता. ३६ चं तसं नाही. चारपर्यंतचे तीन आकडे गुणून ३६ फक्त ३, ३ आणि ४ यांनीच होतात. दोन ३ एका ओळीत येऊ शकत नाहीत, म्हणून ते काटकोनाच्या दोन टोकांना आणि ४ कोपऱ्यात. तीन घरं एका फटक्यात भरली.

खालचा तीन घरांचा २× याच न्यायाने सुटतो: १, १ आणि २, त्यात २ कोपऱ्यात. डावी उभी ओळ पुरी झाली, वरून खाली ४, ३, १, २.

दुसऱ्या उभ्या ओळीत वर ३ आणि तळाला १ आहे, मध्ये २ आणि ४ उरतात. तिथला २− हेच सांगतो, पण कोण वर आणि कोण खाली ते सांगत नाही. वजाबाकी जोडी देते, क्रम देत नाही. क्रम शेजारच्या ३− कडून मिळतो. तिथे १ आणि ४ च बसतात. पहिल्या आडव्या ओळीत ४ आधीच आहे, म्हणून १ वर आणि ४ खाली. दुसऱ्या आडव्या ओळीचा ४ असा लागला, त्यामुळे २− मध्ये २ वर गेला आणि ४ खाली. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात २ उरतो, त्याखाली १. तिसऱ्या ओळीत आता २ आणि ३ हवेत. चौथ्या उभ्या ओळीत २ येऊन गेला आहे, म्हणून तिथे ३ आणि त्याच्या डावीकडे २. तळाशी उरले ३ आणि ४. दोन गुणिले तीन सहा, चार वजा तीन एक. शेवटचे दोन्ही पिंजरे जुळले.

बहुतेक जण अडतात ते ३६ पाशीच. पिंजऱ्यात आकडा पुन्हा येत नाही असं गृहीत धरलं, की तीन वेगळ्या आकड्यांचा गुणाकार २४ च्या पुढे जातच नाही आणि कोडं चुकीचं छापलंय असं वाटू लागतं. मनाई फक्त ओळीत आहे, पिंजऱ्यात नाही.

दुसरी चूक वजाबाकीची. २− मध्ये अंदाजाने ४ वर ठेवला, तर शेजारी १ येतो, त्याच्या डोक्यावर ४ जातो आणि पहिल्या ओळीत दोन ४ होतात. इथे ही चूक दोन पायऱ्यांतच पकडली जाते. सहा बाय सहाच्या कोड्यात मात्र ती दहा घरं भरल्यावर दिसते आणि मग नेमका कुठला आकडा अंदाजाचा होता ते आठवत नाही. म्हणून सिद्ध झालेला आकडा घरात ठसठशीत लिहावा, आणि वजाबाकीची नुसती जोडी बारीक अक्षरात घराच्या कडेला.