अपलोड पूर्ण, तरी प्रिव्ह्यू का नाही?

गूगल ड्राइव्हवर व्हिडिओ चढवताना दिसणारी टक्केवारी फक्त फाइल पोहोचल्याचा हिशेब असते. शंभर टक्के म्हणजे फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर उतरली, एवढेच. आत लग्न आहे की नुसता अंधार, हे तोवर कोणी उघडून पाहिलेले नसते.

ब्राउझरमध्ये दिसणारा प्रिव्ह्यू ही मूळ फाइल नसतेच. सर्व्हर मूळ व्हिडिओ उलगडतो आणि त्यावरून इंटरनेटवर सहज चालतील अशा हलक्या प्रती नव्याने तयार करतो. आधी कमी स्पष्टतेची प्रत तयार होते, मग त्याहून चांगली. या प्रती तयार होण्याआधीच लिंक पाठवली, तर समोरच्याला प्रिव्ह्यू उपलब्ध नसल्याचा संदेश दिसतो.

आयफोनवर चित्रित केलेला दहा मिनिटांचा फोर-के व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर ॲपलच्या अंदाजाने मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे एकूण १.७ जीबी. वेगवान वायफायवर तो लवकर चढतो. पण त्यातली प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा बांधायला वेळ लागतो. या वेळी बरेच जण अधीर होऊन फाइल पुसतात आणि पुन्हा चढवतात. त्याने बिघडतेच, कारण नव्या फाइलचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दिवस उलटूनही संदेश हटला नाही, तर मात्र फाइलच्या आत डोकवावे लागते. `.mp4` किंवा `.mov` हे केवळ डब्याचे नाव आहे. आतले चित्र कोणत्या कोडेकने दाबून भरले आहे, हे त्यावरून कळत नाही. सर्व्हरला तो कोडेक उलगडता आला नाही, तर प्रत तयारच होत नाही.

कधी दोष मूळ फाइलमध्येच असतो. एमपी-४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे, याची सूची असते आणि कॅमेरा ती सहसा चित्रीकरण थांबवल्यावर लिहितो. मध्येच बॅटरी संपली, तर चित्र साठते, सूची राहून जाते. अशी फाइल अपलोड मात्र बिनतक्रार होते.

फरक ओळखायला फाइल डाउनलोड करून व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडावी. नीट चालली तर मूळ फाइल शाबूत आहे: एकतर प्रती तयार होईपर्यंत थांबावे, नाहीतर हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तिची एच-२६४ प्रत करून ती चढवावी. तिथेही चालली नाही, तर पुढील आज्ञा द्यावी:

```
ffprobe video.mp4
```

उत्तरात `moov atom not found` आले, तर सूचीच नाही. फाइल पुन्हा चढवून काही होणार नाही. फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर दुसरी चांगली प्रत आहे का, ते पाहावे. मालकाने डाउनलोडची परवानगी बंद ठेवली असेल, तर लिंक मिळालेल्याला यातले काहीच करता येत नाही. ही तपासणी मालकालाच करावी लागते.