सव्वा की दीड?

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरात कांदा-लसूण मसाल्याचं जुनं टिपण निघतं आणि त्यात ‘मिरची १॥ शेर’ असं काहीसं दिसतं. जुन्या लिखाणात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. त्यामुळे दुसरी रेघ पुसट असेल तर सव्वा की दीड, हा प्रश्न उरतो. कागद तिरप्या उजेडात धरावा. टाकाचा किंवा पेन्सिलीचा दाब उमटलेला असेल तर शाई उडाली तरी चर दिसते. त्याच हाताने इतरत्र दोन रेघांत किती अंतर सोडलंय, तेही ताडून पाहावं. तरीही ठरलं नाही, तर नकलेत ‘[१। किंवा १॥] शेर’ असंच लिहावं.

धण्याच्या प्रमाणावरून मिरची काढता येईल, असं कुणी म्हणेल. पण हे प्रमाण घरोघरी बदलतं, आणि त्या घराचं प्रमाण सांगणारा पुरावा हा कागदच आहे. शेराचा किलोही नकलेत करू नये. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. पण शेर मापाचाही असे, आणि मापभर सुकी मिरची वजनाला फार कमी भरते. मग मसाला करायचा कसा? त्यासाठी वेगळा कागद घ्यावा, थोडा मसाला सव्वाच्या, थोडा दीडच्या हिशेबाने कुटावा, आणि आवडलेलं प्रमाण तारखेसह ‘आमचा अंदाज’ म्हणून तिथेच नोंदवावं.